गाणं पाठ झालं, पुढे काय? तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शरीर-सुरक्षा शिकवताना

चार वर्षांची एक मुलगी मला गाणं म्हणून दाखवत होती. हातवारे बरोबर, चाल बरोबर, एक शब्द इकडचा तिकडे नाही. 'वाईट माणूस हात लावेल, नाही म्हणेन जोरात' असं काहीसं ते गाणं होतं आणि 'जोरात' म्हणताना ती पाय आपटायची. बालवाडीत शिकवायला लागून मला तेव्हा दोनच वर्षं झाली होती आणि ते गाणं मीच बसवलं होतं, त्यामुळे मी खूश. सहज विचारलं, "आणि एखाद्या छान काकांनी चड्डीच्या आत हात लावला तर?"

ती विचारात पडली. मग म्हणाली, "छान काका आहेत ना? मग चालेल."

चूक तिची नव्हती, गाण्याची होती. गाण्यात 'वाईट माणूस' होता आणि तिच्या ओळखीत वाईट माणूस कोणीच नव्हता. मुलांना त्रास देणारी व्यक्ती बहुतेक वेळा मुलाच्या ओळखीची असते. अनेकदा ती लाडकीही असते. म्हणजे मी शिकवलेलं गाणं नेमकं जिथे उपयोगी पडायला हवं तिथेच फुसकं ठरत होतं. तेव्हापासून गाणं आणि गोष्ट कशी बांधायची, कशी सांगायची आणि मुलाला ती खरंच कळली का हे कसं ओळखायचं, हे चुकतमाकत शिकत आले. ज्यांना घरी किंवा वर्गात पहिल्यांदाच हा विषय काढायचा आहे, त्यांच्यासाठी हा क्रम लिहिते आहे.

पायरी पहिली: अवयवांची खरी नावं

गाण्याआधी शब्द लागतात. घरोघरी या अवयवांना लाडाची नावं असतात. कुठे 'चिमणी', कुठे 'पोपट', कुठे 'फूल', कुठे नुसतं 'ते'. ऐकायला गोड वाटतं. पण समजा एखादं मूल वर्गात येऊन म्हणालं, "दादाने माझी चिमणी धरली," तर ऐकणारी बाई काय समजेल? "अरे वा, उडून गेली का मग?" असं म्हणून ती पुढच्या मुलाकडे वळेल. मुलाने सांगितलेलं असतं, फक्त ते कोणाला ऐकू आलेलं नसतं.

म्हणून शिश्न, योनी, छाती, ढुंगण हे शब्द कोपर, गुडघा, कान यांच्या रांगेतच शिकवायचे. आवाज बदलायचा नाही, कुजबुजायचं नाही, हसायचं नाही. आंघोळीची वेळ यासाठी उत्तम. "कोपर धू, गुडघा धू, आता शिश्न धू." वर्गात कापडी बाहुली घेऊन हेच करता येतं. घरच्या बोलीत 'शूची जागा', 'शीची जागा' असे शब्द रुळलेले असतील तर तेही चालतात, कारण ते कुठल्याही मोठ्या माणसाला लगेच कळतात. कसोटी तीच ठेवायची, की अनोळखी डॉक्टरने हा शब्द ऐकला तर त्याला जागा कळेल का?

या सगळ्यांना मिळून एक नाव लागतं. मी 'चड्डीआतलं अंग' म्हणते, कारण तीन वर्षांच्या मुलाला 'खासगी' हा शब्द कळत नाही आणि चड्डी कळते. यात एक फट मात्र राहते. तोंड आणि छाती चड्डीत येत नाहीत. ते वेगळं सांगावं लागतं: "छातीला आणि तोंडालाही हाच नियम." मी हे बाहुलीवर बोट ठेवून दाखवते. मुलांना स्वतःच्या त्या अवयवांवर हात ठेवायला गाण्यात किंवा खेळात कधीच सांगायचं नाही.

वर्गात शिकवणार असाल तर त्याआधी पालकांना बोलावून गाणं म्हणून दाखवा आणि गोष्ट वाचून दाखवा. पालकांनी शब्द आधी ऐकलेले असले की मूल घरी जाऊन 'योनी' म्हणालं तरी कोणी दटावत नाही. एकदा दटावलं की तो शब्द पुन्हा घरात उच्चारला जात नाही आणि आपली सगळी मेहनत तिथेच संपते.

'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' कुठे अडकतं

ही जोडी सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि मोठ्यांशी बोलताना मीही ती वापरते. पण लहान मुलाच्या डोक्यात 'चांगला' म्हणजे छान वाटणारा आणि 'वाईट' म्हणजे दुखणारा. या हिशेबाने सुई टोचणं वाईट आणि गुदगुल्या चांगल्या. त्रास देणारी व्यक्ती पुष्कळदा मारत नाही, दुखवत नाही. ती खेळते, गोंजारते. मुलाला ते वाईट वाटेलच असं नाही, नुसतं विचित्र वाटेल किंवा काहीच वाटणार नाही. शिवाय 'वाईट' शब्दाचा चिखल मुलाच्याच अंगावर उडतो: माझ्याशी वाईट झालं, म्हणजे मी वाईट.

अमेरिकन संशोधक सँडी वुर्टेल यांनी सहकाऱ्यांसोबत हा प्रश्न शाळेआधीच्या वयाच्या मुलांवर तपासला आणि १९८९ मध्ये निष्कर्ष छापले. एका गटाला 'कसं वाटतं त्यावरून ठरव' असं शिकवलं आणि दुसऱ्याला साधा नियम दिला. स्पर्श योग्य कधी असतो, हे ओळखण्यात नियमवाला गट सरस ठरला. मला यात नवल वाटत नाही. भावना वाचणं मोठ्यांनाही जमत नाही, मग चार वर्षांच्या मुलावर ते कशाला सोपवायचं?

नियम असा सांगते: "चड्डीआतल्या अंगाला दुसरं कोणी हात लावत नाही, बघत नाही, फोटो काढत नाही. दुसऱ्याचं बघायचं नाही, हातही लावायचा नाही. स्वच्छ करायला किंवा औषधाला मोठ्यांची मदत लागते, तेव्हा चालतं. पण ते कधीच गुपित नसतं." हे शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं आहे. आंघोळ गुपित नसते, डॉक्टरची तपासणी गुपित नसते. 'कोणाला सांगू नको' हे शब्द आले की माणूस कोण आहे, कसं वाटतंय, दुखतंय का, हे काही बघायचं नाही. सांगायचं.

पायरी दुसरी: गाणं

गाण्यात काय मावतं आणि काय मावत नाही, हे मला एका फजितीने शिकवलं. माझ्या दुसऱ्या गाण्यात एक ओळ होती, 'नको म्हटलं की थांबायचं'. पंधरा दिवसांत पालकांची रांग लागली. मुलं नखं कापू देईनात, केस विंचरू देईनात, एकाने दात तपासणाऱ्या डॉक्टरला तीच ओळ गाऊन दाखवली. नियमाला अपवाद होते आणि गाण्यात 'पण' बसत नाही. मूल गाणं जसंच्या तसं पाळतं.

तेव्हापासून मी एकच पथ्य पाळते. ज्याला अपवाद नाही, तेवढंच गाण्यात. अपवाद गोष्टीत आणि बोलण्यात. सध्या म्हणते ते गाणं असं आहे:

डोकं माझं, पोट माझं,
हात माझे, पाय माझे,
चड्डीआतलं अंगही माझं,
सगळं सगळं माझं माझं!

आवडलं नाही? "नको" म्हणू.
म्हणताच नाही आलं? सांगू, सांगू!
कोणी म्हणालं, "सांगू नको"?
तरी सांगू, तरी सांगू!
एकाने नाही ऐकलं तर?
दुसऱ्याला जाऊन सांगू, सांगू!

कविता म्हणून यात फार काही नाही, पण प्रत्येक ओळ एक काम करते. '"नको" म्हणू' यात थांबायचं वचन नाही, फक्त म्हणायची परवानगी आहे. नखं कापतानाही मूल 'नको' म्हणू शकतं, मग आपण का कापायची ते सांगतो आणि हळू कापतो.

'म्हणताच नाही आलं?' ही ओळ मी सगळ्यात उशिरा घातली आणि आज सगळी वगळून एकच ठेवायला सांगितली तर हीच ठेवेन. घाबरलेलं शरीर पुष्कळदा गोठतं. आवाज फुटत नाही, पाय हलत नाहीत. मोठ्या माणसांचंही तसंच होतं. 'ओरडा, पळा' एवढंच शिकवलेलं मूल त्या वेळी ओरडू शकलं नाही, तर त्याला वाटतं की आपण धड्यात चुकलो. चुकलेलं मूल लपवतं. म्हणून गाण्याने त्याला आधीच सांगून ठेवायचं, की म्हणता आलं नाही तरी चालेल, पुढची ओळ आहेच.

चाल मुलांना आधीच येणारी घ्या. कुठल्याही ओळखीच्या बडबडगीताची चालते. नवी चाल आणि नवे शब्द एकदम दिले की मुलं चालीकडेच लक्ष देतात. दुसरं कडवं सवाल-जवाबासारखं म्हणा. प्रश्न तुम्ही विचारायचा, उत्तर मुलांनी द्यायचं. पहिल्या आठवड्यात फक्त 'सांगू, सांगू' त्यांच्याकडे द्या, बाकीचं आपोआप येतं. हातवारे साधे ठेवा: डोक्याला हात, पोटाला हात, आणि 'चड्डीआतलं' म्हणताना बाहुलीच्या चड्डीकडे बोट. 'सांगू'ला दोन्ही हात तोंडाशी धरून कर्णा.

एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. आठवड्यातून दोनदा, इतर गाण्यांच्या मध्ये. पहिलंही नाही, शेवटचंही नाही, म्हणजे त्याला विशेष वजन येत नाही. कार्यक्रमात पालकांसमोर हे गाणं बसवायचा मोह होतो. मी टाळते. टाळ्या मिळाल्या की ते सादरीकरण होतं आणि मुलं अर्थ सोडून पावलं सांभाळू लागतात.

पायरी तिसरी: गोष्ट

गोष्टीत लांडगा, राक्षस, काळा कोट घातलेला माणूस नको. कारण वर सांगितलंच. प्राण्यांच्या गोष्टी मला एरवी आवडतात, पण इथे मी माणसंच घेते. सशाने काय केलं ते मुलं सशापुरतं ठेवतात. नायक मुलगा असेल आणि मुलगीही असेल, आलटून पालटून. मुलग्यांना हा विषय लागू नाही असं आपण न बोलता शिकवत असतो.

माझी एक गोष्ट जवळजवळ शब्दशः देते. सांगायला सहा-सात मिनिटं लागतात.

"सोनू होता पाच वर्षांचा. त्याला कागदाच्या होड्या फार आवडायच्या. शेजारच्या घरात एक दादा होता, तो दोन मजली होडी करायचा. शीड असलेली! सोनू रोज त्याच्याकडे जायचा. दादा गमतीदार होता, सोनूला तो आवडायचा.

एक दिवस होडी करता करता दादाने सोनूच्या चड्डीआत हात लावला. सोनू गप्प झाला. त्याला 'नको' म्हणायचं होतं, पण शब्द घशातच बसला. पाय जड झाले, जसे काही चिखलात रुतले. दादा म्हणाला, 'हे आपलं गुपित हं. कोणाला सांगू नको. ही घे होडी.'

सोनू होडी घेऊन घरी आला. होडी सुंदर होती. पण पोटात काहीतरी गोळा झाल्यासारखं वाटत होतं.

रात्री तो बाबांजवळ गेला. 'बाबा, मला काहीतरी सांगायचंय.' बाबा फोनवर बोलत होते. 'आत्ता नाही सोनू, उद्या.' सोनू परत आला. त्याने होडी उशीखाली ठेवली.

सकाळी तो आजीजवळ गेला. आजी पलंगावर बसून चादरीची घडी घालत होती. 'आजी, दादाने माझ्या चड्डीआत हात लावला. आणि म्हणाला, गुपित आहे.' आजीने घडी खाली ठेवली. सोनूकडे वळून म्हणाली, 'बरं झालं मला सांगितलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. तुझी काही चूक नाही.' सोनू म्हणाला, 'पण मी नको म्हटलंच नाही.' आजी म्हणाली, 'तरीही तुझी चूक नाही. तुला सुरक्षित ठेवणं हे आमचं, मोठ्यांचं काम.'

मग आजी बाबांशी बोलली. बाबा सोनूजवळ येऊन म्हणाले, 'काल मी ऐकायला हवं होतं.' मोठ्यांनी मिळून मदत घेतली आणि दादा आता मुलांबरोबर एकटा राहत नाही. संध्याकाळी सोनू आणि आजी होडी करायला बसले. आजीची होडी एका बाजूला कलंडायची. सोनूने तिला शीड लावायला शिकवलं."

सांगताना मी तीन जागी थांबते. पहिली जागा म्हणजे सोनू गप्प होतो तिथे. विचारते, "सोनू 'नको' म्हणाला नाही. त्याची चूक झाली?" निम्मा वर्ग पहिल्यांदा 'हो' म्हणतो. त्यांना खोडून न काढता मी पुढे जाते, आजीच्या वाक्यापाशी हा प्रश्न पुन्हा विचारते. दुसरी जागा बाबा 'आत्ता नाही' म्हणतात ती. "आता सोनू काय करेल?" इथे गाण्यातली 'दुसऱ्याला जाऊन सांगू' ही ओळ मुलं स्वतःहून म्हणू लागली, की गाणं आणि गोष्ट एकमेकांना भेटली असं समजा. तिसरी जागा होडीची. "दादाने दिलेली होडी सोनूने घेतली. तरी सांगितलं तर चालेल ना?" खाऊ, खेळणं, भेट घेतली म्हणजे आपणही त्यात सामील, असं मुलांना वाटतं. ते इथे सुटतं.

स्पर्शाचं वाक्य एकच आहे आणि ते सपाट आवाजात सांगायचं. त्यात तपशील वाढवायचा नाही, आणि गाळायचाही नाही. एका बाईंनी संकोचाने 'दादाने सोनूला त्रास दिला' असं सांगितलं. मुलांनी चर्चा केली ती चिमटे काढण्याची.

मुलं हमखास विचारतात, "दादाला पोलिसांनी मारलं?" शेवटी खलनायकाला जबर शिक्षा द्यायचा मोह आपल्यालाही होतो. पण ज्या मुलाला खराच असा दादा आवडतो, ते मूल हे ऐकून गप्प बसेल, कारण आपण सांगितलं तर दादाला मार बसेल. म्हणून मी म्हणते, "आता काय करायचं ते मोठी माणसं ठरवतात. सोनूचं काम सांगायचं होतं, ते त्याने केलं."

पायरी चौथी: 'समजा' खेळ

गाणं-गोष्टीनंतर बाहुली घेऊन 'समजा' खेळायचं. मूल नुसतं गातंय की त्याला कळलंय, हे इथेच दिसतं. सहा प्रसंग घ्या, आणि त्यातले किमान तीन बिनधोक असू द्या. सगळेच धोक्याचे घेतले तर मुलं विचार न करता 'सांगू, सांगू' ओरडतात आणि आपल्याला वाटतं, जमलं.

मी घेते ते असे: आई बाहुलीला आंघोळ घालते. डॉक्टर तपासतात, बाबा शेजारी उभे आहेत. ताई म्हणते, आईच्या वाढदिवसाला भेट आणलीय, उद्यापर्यंत सांगू नको. मैत्रीण घट्ट मिठी मारते आणि बाहुलीला आज नकोय. ओळखीचे काका म्हणतात, चड्डी काढ, गमतीचा फोटो काढू, आपल्या दोघांतच ठेवू. मोठी मुलगी म्हणते, तू माझं बघ, मी तुझं बघते, घरी सांगितलंस तर खेळायला घेणार नाही.

वाढदिवसाच्या भेटीवर मुलं घसरतात आणि घसरलेलं बरं, कारण गंमत आणि गुपित यांतला फरक इथेच बोलता येतो. गंमत थोड्या दिवसांनी सगळ्यांना कळते आणि सगळे खूश होतात. जे कधीच कोणाला सांगायचं नाही, ते गुपित. आपण लहान मुलांबरोबर गुपितं ठेवत नाही, असं मोठ्यांनीच ठरवून टाकावं. 'आईला सांगू नको हं, एक जास्तीचं चॉकलेट' हेही नाही. निरागस असलं तरी सवय तीच लागते.

प्रत्येक प्रसंगाला तीन प्रश्न: चालेल का? सांगशील का, कोणाला? काय म्हणशील? तिसरा प्रश्न कधीही सोडू नका. 'आईला सांगेन' म्हणणं सोपं आहे, पण प्रत्यक्ष वाक्य तोंडातून काढणं अवघड. मूल बाहुलीच्या तोंडून "काकांनी माझा चड्डीशिवाय फोटो काढला" असं पूर्ण म्हणेपर्यंत थांबायचं. एकदा खेळात म्हटलेलं वाक्य गरज पडली तर दुसऱ्यांदा म्हणायला कमी अवघड जातं.

'कोणाला?' यासाठी हाताचा पंजा कागदावर गिरवायचा आणि प्रत्येक बोटावर एक मोठं माणूस. एक तरी बोट घराबाहेरच्या माणसाचं हवं, कारण त्रास घरातूनच असेल तर घरातली चारही बोटं जड होतात. नावं मुलाने सांगायची, आपण सुचवायची नाहीत. आमच्याकडे एका मुलाने अंगठ्यावर मांजर लिहवून घेतलं होतं. मांजर राहू दिलं, शेजारी सहावं बोट काढलं. पण एखाद्या मुलाला दोनच्या पुढे नाव सुचत नसेल किंवा घरातलं एखादं माणूस ते ठामपणे नाकारत असेल, तर तिथे लगेच प्रश्न विचारायचे नाहीत. लक्षात ठेवायचं.

हे सगळं चालू असताना घरी 'दे बघू काकांना पापा' म्हणून मुलाला पुढे ढकललं जात असेल, तर आपलं शिकवणं वाया जातं. हात हलवून अच्छा केलं तरी आदर होतो, हे पालकांच्या बैठकीत मी सांगतेच.

मूल सांगतं तेव्हा

शिकवणाऱ्याची तयारी इथे हवी, कारण नीट शिकवलं तर कधीतरी कोणीतरी सांगणार. आरोग्याविषयीच्या संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये शाळांमधल्या अशा उपक्रमांचा आढावा घेतला. त्यात २४ चाचण्या आणि ५,८०२ मुलं होती. मुलांचं ज्ञान आणि स्वतःला जपण्याचं कौशल्य वाढलं, भीती वाढल्याचं दिसलं नाही आणि उपक्रमात असलेल्या मुलांनी त्रासाबद्दल सांगण्याची शक्यता जास्त होती. प्रत्यक्ष त्रास कमी झाला का, हे मात्र त्या चाचण्यांतून ठरवता आलं नाही. म्हणून गाणं शिकवलं म्हणजे मूल सुरक्षित झालं असं समजू नये. मुलाला कोणाबरोबर एकटं सोडायचं, यावर नजर मोठ्यांनीच ठेवायची आहे.

बहुतेक मुलं ठरवून, समोर बसून सांगत नाहीत. चपला घालताना, चित्र रंगवताना अर्धंच वाक्य टाकतात. कधी गोष्टीच्या मधेच सगळ्यांसमोर म्हणतात, "माझ्याशी पण असं झालं." तेव्हा पूर्ण वर्गासमोर ते उलगडू द्यायचं नाही आणि झाकायचंही नाही. "हे मला ऐकायचंय. गोष्ट संपली की आपण दोघं बसू." आणि गोष्ट संपली की खरंच बसायचं, दुसऱ्या दिवशी नाही. नाहीतर आपण सोनूचे बाबा झालो.

बसल्यावर आपला चेहरा सांभाळायचा. मूल आपल्या शब्दांआधी चेहरा वाचतं आणि आपण हादरलो की ते उरलेलं गिळून टाकतं. आजीची वाक्यं तिथे वापरायची: बरं झालं सांगितलंस, माझा विश्वास आहे, तुझी चूक नाही. प्रश्न विचारायचाच तर "मग काय झालं?" एवढाच. "त्याने इथे हात लावला का? अमक्यानेच ना?" असे प्रश्न विचारायचे नाहीत. लहान मुलं मोठ्यांना हवं ते उत्तर देतात आणि पुढे तपास करणाऱ्यांना मुलाचे शब्द कोणते आणि आपले कोणते हे कळेनासं होतं. 'मी कोणाला सांगणार नाही' असं वचनही द्यायचं नाही. "तुला सुरक्षित ठेवायला मला आणखी एक-दोन मोठ्या माणसांना सांगावं लागेल," हे खरं आहे, तेच सांगायचं.

मग लगेच, त्याच दिवशी, मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवायचं. 'शूची जागा' म्हणालं असेल तर 'शूची जागा'च लिहायचं. तारीख, वेळ, तेव्हा काय चाललं होतं तेही. ज्याचं नाव आलं त्याला जाब विचारायला आपण जायचं नाही, मुलाला त्याच्यासमोर उभं तर करायचंच नाही. आपल्या भागातली बालसंरक्षण यंत्रणा किंवा पोलीस यांना कळवायचं. त्यांचा नंबर आणि कळवण्याची पद्धत शिकवायला सुरुवात करायच्या आधीच कागदावर लिहून ठेवलेली असावी. त्या दिवशी शोधायला बसू नका. आणि मुलाकडून तीच हकीकत चार जणांना पुन्हा पुन्हा सांगून घ्यायची नाही.

मूल दुसऱ्या दिवशी म्हणेल, "ते खोटं होतं." घाबरलं की मुलं शब्द मागे घेतात. आपण कळवलेलं मागे घ्यायचं नाही, खरं-खोटं ठरवणं आपल्याकडे नाही.

विसरणं धरून चालायचं

सहा आठवड्यांत गाणं, गोष्ट, 'समजा' सगळं बसतं. मोठ्या सुट्टीनंतर पाहिलं तर गाणं शाबूत आणि अर्थ उडालेला असतो. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी एक फेरी करते, आणि ती गाण्याने सुरू करत नाही. आधी बाहुली काढते, सहापैकी तीनच प्रसंग विचारते. जिथे मुलं अडखळतात ती ओळ त्या आठवड्यात पुन्हा घेते. आमच्याकडे सगळ्यात आधी विसरली जाते ती 'एकाने नाही ऐकलं तर?' मुलांना वाटतं, एकदा सांगितलं म्हणजे झालं. मग मी बाहुलीला घेऊन वर्गात फिरते, पहिल्या तिघांना कानात सांगून ठेवते की ऐकलं नाही असं दाखवा, आणि बाहुली एकेकाकडे जाऊन विचारत राहते, "माझं ऐकतोस?" चौथ्याजवळ पोचेपर्यंत मागून कोणीतरी ओरडलेलं असतं, "इकडे ये, मी ऐकते!"